ओट्यावरचा दिवा

बायको गेली आणि आप्पांच्या स्वयंपाकघरात पाली तेवढ्या उरल्या. "अहो, पाल!" ही तिची किंकाळी मात्र कायमची थांबली. पालींना धाक बसावा म्हणून ती ओट्यावरचा दिवा रात्रभर जळत ठेवायची. तिच्यामागे आप्पांनीही तो कधी मालवला नाही.

राहायला आलेल्या लेकीने ते पाहून कपाळावर हात मारला. "अहो बाबा, दिव्याला किडे येतात आणि किड्यांमागे पाली! घरातली पाल विषारी नसते, पण तिच्या विष्ठेतले जंतू अन्नात गेले तर पोट बिघडतं." तिने खिडकीला जाळी लावली, सिंकखालची फट बुजवली, ओटा साबणाने घासला, अन्न झाकलं आणि दिवा बंद केला.

हळूहळू भिंती मोकळ्या झाल्या. लेक तिच्या घरी गेली. एका संध्याकाळी आप्पा चहाला आत आले आणि सवयीने केरसुणी उचलून उभे राहिले. हाकलायला कोणी नव्हतं. हाक मारायलाही कोणी नव्हतं.

आप्पांनी भांड्यांवरची झाकणं नीट बसवली, खिडकीची जाळी बाजूला सरकवली आणि ओट्यावरचा दिवा लावला.

"ये बाई," ते रिकाम्या भिंतीला म्हणाले.