तीन डावांचा नियम

खलीलभाईंचं खेळाच्या सामानाचं दुकान पनवेलच्या बाजारात होतं. त्यांच्या क्लबची निवड समिती मंगळवारी संध्याकाळी तिथंच बसायची. समिती म्हणजे दोघं जण. एक सेक्रेटरी खलीलभाई आणि दुसरे दयारामकाका. काका उरणचे, पूर्वीचे वेगवान गोलंदाज. आता पोट सुटलेलं, पण संघ त्यांच्याच शब्दावर चालायचा. तिसरी कोमल. ती क्लबची स्कोअरर होती आणि नुकतीच संख्याशास्त्रात बी.एस्सी. झालेली. तिला मत नव्हतं, फक्त खुर्ची होती.

त्या मंगळवारी विषय अदीबचा होता. अदीब हा खलीलभाईंचा पुतण्या आणि क्लबचा सलामीवीर. म्हणजे होता. गेल्या आठ डावांत त्याला एकदाही पंचवीस करता आले नव्हते. लीगचे तीन सामने उरले होते, आणि बंदरातल्या एका कंपनीचे लोक ते बघायला येणार होते. कंपनीला आपल्या संघासाठी सलामीवीर हवा होता, आणि संघात घेतलं की नोकरीही मिळणार होती.

"त्याला बसवूया," काका म्हणाले. "फॉर्म गेलाय पोराचा. आठ डाव! आमी आंधळे नाय."

खलीलभाई बॅटच्या मुठीला रबर चढवत राहिले. पुतण्याची बाजू घेतली असं कुणी म्हणू नये, म्हणून ते अदीबच्या विषयात तोंड उघडत नसत.

"काका, आठ डाव म्हणजे खरंच खूप आहेत का, ते मी बघितलंय," कोमल म्हणाली.

"बघायचं काय त्यात? बोटं मोज."

कोमलने पिशवीतून बिस्किटांचा डबा काढला. त्यात चौसष्ट चिठ्ठ्या होत्या. या आठ डावांच्या आधी अदीब चौसष्ट डाव खेळला होता, दर चिठ्ठीवर त्यातल्या एका डावाच्या धावा. तिने हाच प्रयोग आधी कॉम्प्युटरवर केला होता, पण कॉम्प्युटर काय दाखवतो यावर काकांचा विश्वास बसणार नाही हे तिला ठाऊक होतं.

"डोळे मिटून एक काढा. आकडा वाचा, चिठ्ठी परत टाका, डबा हलवा. असं बहात्तर वेळा, आधीचे चौसष्ट डाव आणि हे आठ. म्हणजे फॉर्म वगैरे काही नसलेला, नुसता नशिबावर चालणारा अदीब तयार होतो."

"चहा मागव रे," काकांनी दुकानाबाहेर हाक मारली. "आज सोडत हाय."

ते काढू लागले. नऊ. एकेचाळीस. शून्य. सहा. अठ्ठ्याहत्तर. पहिल्या फेरीत पंचविशीच्या आतल्या चिठ्ठ्या सलग पाचच्या पुढे गेल्या नाहीत. दुसरी फेरी खलीलभाईंनी घेतली. मध्यावर त्यांच्या हाताला बारा, तीन, शून्य, एकोणीस असं लागत गेलं आणि ते थांबेना. सलग नऊ झाले.

"तौबा," खलीलभाई म्हणाले. "माझ्या हाताला काय झालं?"

"काही नाही झालं चाचा. चौसष्टमधल्या सदतीस चिठ्ठ्या पंचविशीच्या आतल्याच आहेत. अदीब चांगला खेळत होता तेव्हाही निम्म्याहून जास्त वेळा पंचविशीच्या आतच बाद व्हायचा. त्याची सरासरी वर जाते ती अधूनमधून मोठा डाव येतो म्हणून. हे मी कॉम्प्युटरवर हजार वेळा केलं. तीनशेच्या आसपास वेळा कुठे ना कुठे असे सलग आठ डाव आले."

काकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "बरं. पण चिठ्ठीला पाय नसतात गं. मी मैदानात बघतो. त्याचा पुढचा पाय निघत नाय. येतो नि पहिल्याच चेंडूला बॅट फिरवतो. हा का तो अदीब?"

आकडे धावांबद्दल बोलत होते, काका पायाबद्दल. पायात खरंच काही बिघडलं असेल, तर तीनशे-हजारचा हिशेब त्याला खोटं पाडू शकत नव्हता. तो कसा कसा बाद झाला हे बघायला तिने स्कोअरबुक उघडलं, आणि आठही डाव एकाखाली एक वाचले.

चार, अकरा, शून्य. हे तीन सलामीचे. त्यानंतर क्लबचा नियम लागला होता: सलग तीनदा पंचविशीच्या आत बाद, की सलामीवीर सातव्या क्रमांकावर. हा नियम काकांनीच या मोसमात घातलेला. पुढचे पाच डाव सतरा, दोन, नऊ, सहा, तेरा. यातला सतरा, नऊ आणि तेरा नाबाद. नाबादची खूण तिने स्वतःच केली होती, आणि घरी यादी उतरवताना नुसत्या धावा उतरवल्या होत्या.

"काका, माझं चुकलंय."

"आता काय?"

"डब्यातल्या चिठ्ठ्या सगळ्या सलामीच्या आहेत. यातले पाच डाव सातव्या क्रमांकाचे. पाच डावांत मिळून त्याला चौतीस चेंडू मिळालेत, सत्तेचाळीस धावा केल्यात. शेवटच्या षटकांत जाऊन माणूस पाय काढत बसेल, का बॅट फिरवेल?"

"तो खाली गेलाच मुळी खेळत नव्हता म्हणून."

"तीन डाव. फक्त तीन. तेवढे सलग तीन वाईट डाव पाचात एकदा आपोआप येतात. हा नियम ठेवलात तर चांगल्यातला चांगला सलामीवीरही वर्षातून दोन-तीनदा सातव्या क्रमांकावर जाईल. आणि तिथं गेला की पंचवीस करायला जागाच नाही. मग आपण म्हणणार, बघा, अजून फॉर्म नाही."

खलीलभाई अदीबबद्दल पहिल्यांदाच बोलले. "म्हणजे पोरगा ठीक आहे?"

"तसंही म्हणता येणार नाही चाचा. तीन डावांवरून फॉर्म गेला म्हणता येत नाही, तसा आहे असंही म्हणता येत नाही. त्याला वर पाठवूनच कळेल. आणि नुसत्या धावांवर नको. किती चेंडू हुकले, किती बॅटच्या कडेला लागले, ते मी लिहीन. पाय तुम्ही बघा."

काकांनी स्कोअरबुक आपल्याकडे ओढलं. "म्हणजे ह्याला खाली मी ढकलला, नि नावं ठेवली पण मीच," ते म्हणाले. मग दुकानाच्या दारातून दिसणाऱ्या रिक्षांना उद्देशून एक शिवी दिली. "रविवारी एक नंबर अदीब. त्याच्या जोडीला दुसरा सलामीवीर प्रितेश, दोनवर."

रविवारी कंपनीचे दोघं जण तंबूत टोप्या घालून बसले. अदीब एकतीस चेंडू खेळला, अकरा धावा केल्या आणि मिडऑफला झेल देऊन परतला. पॅड सोडताना तो कोमलकडे बघायला तयार नव्हता. मोबाइलवर बोलत बोलत कंपनीचे लोक चहाआधीच निघून गेले.

मंगळवारी काका दुकानात येऊन बसले. सलामीचे सलग चार डाव पंचविशीच्या आत. त्यांनी पेन उघडलं, बंद केलं.

"किती हुकले?" शेवटी त्यांनी विचारलं.

"दोन. कडेला एक लागला. त्याने सत्तर केले होते त्या दिवशी याहून जास्त हुकले होते, मला आठवतंय."

"पाय निघत होता," काका म्हणाले. हे त्यांना कबूल करायला जड गेलं असावं, कारण लगेच ते म्हणाले, "झेल मात्र गाढवासारखा दिला."

"गाढवासारखाच दिला," कोमल म्हणाली.

"कंपनीवाले परत येतील का, खलील?"

"अल्लाह जाने. आले तर एक नंबरलाच बघतील ना? सातव्याला त्यांचं काय काम?"

काकांनी कागद पुढे ओढला आणि पहिल्या ओळीवर अदीबचं नाव लिहिलं. खाली प्रितेशचं लिहिता लिहिता थांबून त्यांनी कोमलला विचारलं, "ह्या प्रितेशचे गेले तीन डाव किती गं?"

"अठ्ठावन्न, पंचेचाळीस, एकाहत्तर."

"जबरदस्त फॉर्म हाय!"

कोमलने डब्याकडे हात नेला.

"नको," काका म्हणाले. "तेवढं राहू दे मला."