एक जुनं सुती कापड

आमच्या तिवस्याजवळच्या शेतावर रविवारी शहरातली माणसं दिवसभरासाठी येतात. शेत सांभाळतो किशोर, माझा नवरा. लोकांना मोबाईलवर जे लिहून पाठवायचं ते मी लिहायची. गेल्या वर्षीच्या डिसेंबरात लिहिलं होतं ते असं:

"संत्री लगडलीत, हुरडा आलाय! रविवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. स्वतःच्या हातानं संत्री तोडा, बैलबंडीत बसा, वासरांना चारा घाला, केशरआजीजवळ बसून गोधडीला एक टाका घाला. आल्यावर पोहे-चहा, दुपारी गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण, ठेचा. चार वाजता हुरडा. मोठ्यांना सहाशे रुपये, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना साडेतीनशे, त्याहून लहान फुकट. शुक्रवारपर्यंत फोन करून नावं सांगा. टोपी, पाण्याची बाटली आणि मुलांचा कपड्यांचा एक जास्तीचा जोड सोबत असू द्या. आणि घरातलं एक जुनं, धुतलेलं सुती कापड आणा. आजी ते गोधडीत घेईल."

शेवटची ओळ माझ्या सासूबाईंची, केशरबाईंची. त्यांना वाचता येत नव्हतं. जेवणं झाली की त्या निंबाखाली चटई टाकायच्या आणि सुई ओवून बसायच्या. कोणाचं लुगडं, कोणाचं लंगोट्यांचं कापड, सगळं एका गोधडीत. मुलांचे वाकडे टाके त्या उसवत नसत. "राहू दे. ज्याचा टाका त्याच्यापाशी," म्हणायच्या.

मला मात्र ती ओळ खुपायची. सहाशे रुपये घेतो आणि वर चिंध्या मागतो, हे मला बरं दिसत नव्हतं. या नोव्हेंबरात नागपूरच्या एका बाईनं फोनवर हसत विचारलं, "शेतावर बोलावता की भंगारवाल्याकडे?" माझं डोकं सटकलं. मी ओळ खोडली, गोधडीचा उल्लेखही काढला. सासूबाईंना सांगितलं नाही.

त्या रविवारी चाळीस माणसं आली. कापड एकाकडेही नव्हतं. सासूबाई चार वाजेपर्यंत सुई ओवून बसल्या होत्या.

"सीमा, या बारीले कोणीच कापड नाई आणलं वो?"

"विसरले असतील, आई."

"सगयेच इसरले?"

मी हुरड्याच्या ताटल्या उचलायला निघून गेले. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्यानंतर त्यांनी चटई टाकली नाही. अर्धी गोधडी घडी घालून पेटीत ठेवली. "आता कोनाले पायजे मायी गोधडी," एवढंच बोलल्या. तेव्हा खरं सांगायला दोन वाक्यं लागली असती. पण माझं नाक मोठं. दहा दिवसांनी पहाटे त्या झोपेतच गेल्या.

तेरवी झाली. माझ्यानं काही लिहिणं होईना. हुरडा काही कोणासाठी थांबत नाही, म्हणून किशोरनं गेल्या डिसेंबरचा मजकूर उचलला, तारीख बदलली, पाठवून दिला. आत आईचं नाव आहे हे त्याच्या ध्यानात आलं नाही. मीही पाहिलं नाही.

रविवारी सकाळी पहिली गाडी अमरावतीची आली. परवीनताई आणि त्यांची आठ वर्षांची आरजू. आरजूच्या हातात घडी घातलेली पांढरी ओढणी होती. मागून येणाऱ्यांच्या हातातही काही ना काही होतं: जुनं धोतर, पोलक्यांचं कापड, बाळाचं दुपटं. मी पोह्यांचा झारा हातात घेऊन तशीच उभी राहिले.

"आजी कुठं हाये?" आरजूनं विचारलं. "मागच्या साली मी टाका घातला होता. मले पाहाचा हाये."

मी सांगितलं. परवीनताईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"ही माह्या अम्मीची ओढणी," मग म्हणाल्या. "नोव्हेंबरात आरजूले घरी ठेवून आलो तवा बी आणली होती. पण तुमी लिवलं नव्हतं ना. मले वाटलं, आता आजीले नको असंल. उगाच काहून तरास द्याचा? गाडीतच ठेवली."

"गाडीत?"

"हो. तिथं, निंबाखालीच लावली होती गाडी."

मी घरात गेले. पेटी उघडली. गोधडीत सुई तशीच टोचलेली होती, दोरा ओवलेला. बाहेर आणून आरजूसमोर पसरली. तिनं वाकून आपला टाका शोधून काढला, हिरव्या दोऱ्याचा, वाकडा. मग ओढणी माझ्यापुढे धरली.

"आता हे कोन शिवणार?"

मला साधं बटणसुद्धा नीट लावता येत नाही. मी ओढणी घेतली आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. लोकांना वाटलं, सून सासूसाठी रडते आहे. ते खरंच होतं. पण त्याहून जास्त हे होतं, की कोणी विसरलं नव्हतं, आणि ते जिला सांगायचं ती आता नव्हती.