विहिणीचा मान

मुरुमला पोरीच्या बापाच्या, ईरण्णाच्या घरी बैठक बसली. पोरगी पसंत होती, पोरगा पसंत होता. आता द्यायचं-घ्यायचं तेवढं बोलायचं राहिलं होतं. पोराचा बाप बसप्पा, त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. तिथं त्याची बायको रुद्रम्मा बसली असती. ती जाऊन वर्षही झालं नव्हतं.

बोलत होता बसप्पाचा थोरला भाऊ विरुपाक्ष.

"हुंडा आमी घेत न्हाय, ईरण्णा. पोराला अंगठी, पोशाख घाला. लग्न मात्र तुमच्या दारात, जेवण तुमचं. आन् विहिणीचा मान. आता विहीणच न्हाय, तर साडीच्या जागी पोराच्या नावानं दोन तोळे करा."

बसप्पाने मान खाली घातली. अणदूरहून येताना गाडीत तोच म्हणाला होता, रुद्रम्माचा मान मागं राहू नये. त्यावर विरुपाक्षने दोन तोळ्यांचा हिशोब सांगितला, तेव्हा बसप्पाच्या तोंडून "बघ तू" एवढंच निघालं होतं.

ईरण्णा कपाळावरचा घाम पुसून "बघू की" म्हणाला. तेवढ्यात पोरगी, महेश्वरी, चहाचा ट्रे खाली ठेवून वडिलांशेजारी बसली.

"मामा, मी बोलू का?"

"आता पोरी बैठकीत बोलायल्या व्हय?" विरुपाक्ष हसला.

"लग्न माझंच हाय, काका." तीही हसली. मग बसप्पाकडे वळली. "कार्यालय, जेवण निम्मं-निम्मं करू. माझे दागिने आमच्याकडून, मंगळसूत्र तुमच्याकडून. अंगठी बाबा हौसेनं घालतील. तोळे देणार न्हाय. त्यो हुंडाच हाय, नाव कायबी ठेवा. श्रीशैलना म्या फोनवर सांगितलंय. जमत नसलं तर राग न्हाय, चहा घेऊन जावा."

नवरा मुलगा श्रीशैल बापाकडे बघत राहिला.

"आन् रुद्रम्मा आत्यांची साडी आणून ठेवलीय," ती हळू म्हणाली. "इरकल. त्यांच्या फोटोपुढं ठेवायची, मग आईच्या जागी तुमच्या लेकीनं नेसायची. त्यांचा मान सोन्यात मोजू नका, मामा."

बसप्पाच्या कानशिलांना धग लागली. बायको गेल्यापासून तिच्या नावानं तो रोज ताटातला घास बाजूला काढत होता. आज तिच्याच नावानं परक्याच्या घरात भाव सांगितला होता, आणि सांगणारा भाऊ असला तरी परवानगी त्याची होती.

"आमचं चुकलं," तो म्हणाला.

"बसप्पा!" विरुपाक्षने दटावलं.

"तू न्हाय दादा, मी. मीच 'बघ' म्हणलो." तो ईरण्णाकडे वळला. "तोळा नको. पोरगी म्हणली तसंच. निम्मं आमी देतो. तुमची हरकत नसली तर."

विरुपाक्ष चहा तसाच ठेवून बाहेर जाऊन उभा राहिला. ईरण्णाने आतून साखरेची वाटी मागवली. श्रीशैल आता कुठं हसला.

महेश्वरी बसप्पासमोर वाटी घेऊन वाकली. त्याने चिमूटभर साखर उचलून तोंडात टाकली, आणि ती विरघळेपर्यंत पोरीच्या तोंडाकडे बघायचं त्याला धाडस झालं नाही.