त्र्याण्णव ते तीस

चिनी खोक्यांचे फोटो बल्गेरियातल्या पेर्निकच्या ऑफिसात माझ्याकडे येतात तेव्हा माल अजून समुद्रातच असतो. खोक्याच्या बाजूवरचा तपशिलाचा तक्ता मी बल्गेरियनमध्ये आणते, त्याचं स्टिकर छापलं जातं, आणि माल आला की योन्कामावशी ते नेमकं चिनी तक्त्यावर चिकटवते. खालचं अक्षरही दिसत नाही. माझं काम एवढंच, की नावं बदलायची. आकड्याला आणि एककाला हात लावायचा नाही. फोटोत चमक येऊन आकडा पुसट झाला तर मी दुसरा फोटो मागवते, अंदाजपंचे काही लिहीत नाही. यावरून आमचा मालक गेंचो मला ‘सरकारी वकील’ म्हणून चिडवतो.

ऑक्सिजन यंत्राचा फोटो मात्र स्वच्छ होता. प्रवाह: मिनिटाला १–७ लिटर. ऑक्सिजनचं प्रमाण: ९३%–३०%. आवाज: ४५ डेसिबलपर्यंत. मी जसंच्या तसं उतरवलं आणि खाली गेंचोसाठी एक ओळ लिहिली, की प्रमाणाचा उतरता क्रम मुद्दाम आहे. एक लिटरला त्र्याण्णव टक्के, सातला तीस. त्याने ती वाचली नाही. तो माझ्या खालच्या ओळी कधीच वाचत नाही.

योन्कामावशीचा नवरा स्तामात कोळशाच्या खाणीतला. फुप्फुसं तिथेच गेली. डॉक्टरांनी तीन लिटर ऑक्सिजन लिहून दिला होता आणि बजावलं होतं, की धाप वाढली तर सरळ अँब्युलन्स बोलवा. त्याचं मोठं यंत्र यायला अवकाश होता. म्हणून गेंचोने नव्या मालातला एक खोका उचलून मावशीच्या हातात दिला, पैसे घेतले नाहीत. गेंचो वाईट माणूस नाही, आणि मला त्याचाच जास्त राग येतो.

रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे घेवड्याचं सूप घेऊन गेले. स्तामात पलंगाच्या कडेला वाकून बसला होता, हात गुडघ्यांवर, नाकात नळी. ओठ जांभळे पडले होते. रक्तातला ऑक्सिजन मोजायला बोटाला लावलेल्या चिमट्यावर अठ्ठ्याहत्तरच दिसत होते. यंत्र मात्र जोरात फुसफुसत होतं.

“सातवर ठेवलंय पोरी,” मावशी म्हणाली. “याच्यापुढे नाही जात. येईल हळूहळू वर.”

“सातवर कशाला ठेवलंस?”

“त्यावरच लिहिलंय ना. मीच चिकटवलंय की.”

खोका कोपऱ्यात उभा होता. स्टिकरवर छापलं होतं, ऑक्सिजनचं प्रमाण: ३०%–९३%. वरच्या ओळीत एक ते सात, खालच्या ओळीत तीस ते त्र्याण्णव. कुणीही वाचलं असतं तरी हेच समजलं असतं, की बटण जितकं पुढे, तितका ऑक्सिजन शुद्ध. मी तिला काही न सांगता फोन लावला. अँब्युलन्स आली तेव्हा स्तामात शुद्धीत होता, हॉस्पिटलच्या दारात पोचेपर्यंत नव्हता. संध्याकाळी तो गेला.

दुसऱ्या दिवशी मी गेंचोच्या टेबलावर माझा तक्ता आपटला. त्याने बराच वेळ दोन्ही ओळी पाहिल्या.

“आपल्याकडे मोठा आकडा आधी कोण लिहितं?” तो म्हणाला. “हीटरला पाच ते पस्तीस, फ्रीजला दोन ते आठ. मला वाटलं, चिन्यांनी उलटं छापलंय. मी सरळ केलं.”

एकही आकडा बदलला नाही, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. आणि ते खरं होतं. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मग तो तोंड झाकून रडायला लागला आणि मला तेही सहन होईना. विकलेल्या खोक्यांसाठी आम्ही दोघांनी मिळून दुकानादुकानात फोन केले.

मावशी काळे कपडे घालून कामावर परतली. आपल्या दारावर स्तामातच्या फोटोची निधनाची सूचना तिनेच लावली होती, जराही सुरकुती न पडू देता. उरलेल्या खोक्यांवर नवी स्टिकरं लावायचं काम तिला देऊ नका, असं मी गेंचोला बजावलं होतं. तिने ऐकलं नाही. प्रत्येक खोक्यावर ती ओळ मला वाचायला लावायची, मग तळहाताने दाबायची.

एकदा हात तसाच ठेवून तिने विचारलं, “मी एकवर ठेवलं असतं तर वाचला असता?”

ती त्या बटणावरूनच स्वतःला खात होती. मला वाटलं, खरं सांगितलं तर ओझं उतरेल.

“नाही मावशी. बटण कुठेही असो, हे यंत्र ऑक्सिजन तेवढाच काढतं. प्रवाह वाढवला की त्यात नुसती हवा मिसळते. एकवर ठेवलं असतंस तरी त्याला पुरलं नसतं.”

“म्हणजे बटणाने फरक पडला नाही.”

“नाही पडला.”

तिने मान हलवली. पुढचा खोका ओढून घेतला, पण स्टिकर उचललं नाही.

“त्या सकाळी बटण तीनवर असतानाच तो म्हणाला होता, योन्के, अँब्युलन्स बोलाव,” ती म्हणाली. “मी म्हटलं, थांब रे, अजून सातपर्यंत जागा आहे.”