तिसऱ्या प्रतीची पेटी

नव्या शेडबद्दल अहवाल द्यायला आलेला मी केबिली गावच्या खजूर उत्पादकांना बजावत होतो, "सगळ्यांनी सगळा माल एकाच जागी आणला आणि लागलेली प्रत मुकाट्याने मानली, तरच प्रतवारीची सामायिक शेड बांधणं परवडेल."

"मानतील की! न मानायला काय झालं?" गटाचे अध्यक्ष मबरूककाका गुरकावले.

मग मी सभासदांच्या पेट्यांवरची नावं कागदाने झाकली आणि प्रतवारी काकांनाच करायला लावली. चौथ्या पेटीतला खजूर फोडून त्यांनी तोंड वाकडं केलं. "किडका! तिसरी प्रत. बकऱ्यांचा चारा कुणी आणलाय रे?"

मी कागद काढला. खाली मबरूककाकांचंच नाव होतं.

काकांनी पेटी पुन्हा पुढे ओढली. "इथे उजेड कमी आहे. परत बघू दे."

अहवालात मी लिहिलं: शेड जरूर बांधावी. प्रतवारी करणारा मात्र परगावचा आणावा.