हळवी

निवृत्तीला तीन महिने राहिले की माणसाचं टेबल आवरायला लोक स्वतःहून पुढे येतात. मी कुणाला हात लावू दिला नाही. माझी अडगळ आहे, मीच उपसणार. खालच्या खणात दोन वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांच्या मतांचे कागद सापडले, दोरीने बांधलेले. फेकायलाच काढले होते. पण फेकण्याआधी वाचायची माझी जुनी खोड आहे, आणि तिनेच माझा घात केला.

मी भाताचा पैदासकार. दोन वाणांचा संकर करायचा, पुढच्या पिढ्यांतून चांगली झाडं निवडत जायचं आणि आठ-दहा वर्षांनी एक नवा वाण शेतकऱ्याच्या हातात ठेवायचा, असं माझं आयुष्य गेलं. ही सगळी निवड आमच्या संशोधन केंद्राच्या खाचरात होते. तिथे खत वेळेवर, पाणी कापणीपर्यंत. हजारातून तीन उरतात आणि ते तीन शेतकऱ्याला दाखवून आपण म्हणतो, घ्या, निवडा. म्हणजे नवरा आम्हीच ठरवायचा, मुलीने फक्त होकार द्यायचा. शेतकऱ्याच्या माथ्यावरच्या शेतात ते तिन्ही वाळून गेले की आम्ही म्हणायचं, यांना शेती जमत नाही.

निवृत्तीच्या तोंडावर मला शहाणपण सुचलं. पाचव्या पिढीतली सोळा बियाणी, अजून आम्ही काहीही न गाळलेली, मी टेकडीच्या उतारावरच्या गावातल्या चौदा जणांना वाटून टाकली. तुमच्या शेतात, तुमच्या खतावर, तुमच्या पावसावर लावा, आणि तुम्हीच सांगा कुठलं ठेवायचं. तुलनेसाठी तीच सोळा केंद्रातही लावली. सहकाऱ्यांनी टिंगल केली. ‘आता आपण पेरू आणि त्यांनी शोधनिबंध लिहावेत,’ असं एकजण चहा पिताना म्हणाला. मी हसलो नाही. या कामात माझा जीव अडकला होता. घरी दुसरं काही नव्हतंच.

घरी खरंच काही नव्हतं. बायको चार वर्षांपूर्वी मुलीच्या बाळंतपणाला गेली आणि तिथलीच झाली. भांडण नाही, तंटा नाही. नातू रांगला, चालला, शाळेत जायला लागला. दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन येतो. ‘जेवलात का?’ ‘हो.’ ‘बरे आहात ना?’ ‘हो.’ एकदा ती म्हणाली होती, ‘तुम्ही माणसाचं ऐकत नाही हो. तुमच्या मनात आधीच लिहिलेलं असतं, ते तुम्ही आमच्या तोंडून वाचता.’ मी त्यावरही हो म्हणालो होतो.

तर ते कागद. कापणीच्या आधी प्रत्येक शेतकऱ्याने सोळाही बियाण्यांबद्दल आपलं मत सांगितलं होतं आणि आमच्या क्षेत्र-सहायकाने एकेका शब्दात ते टिपून घेतलं होतं. त्याचं अक्षर म्हणजे मुंग्यांची वरात. मी सहज नऊ नंबरच्या ओळीवर नजर टाकली आणि हात थांबला. चष्मा पुसला. भिंग काढलं.

कागदावर ‘हळवी’ लिहिलं होतं.

संगणकातल्या माझ्या यादीत नऊ नंबरपुढे ‘हलकी – बाद’ असं होतं.

दुसरा कागद पाहिला. हळवी. तिसरा. हळवी. चौदांपैकी अकरा जणांनी नऊ नंबरला हळवी म्हटलं होतं. लवकर तयार होणारं ते हळवं, मधलं ते निमगरवं, उशिराचं ते गरवं. हे भाताच्या माणसाला पाळण्यात कळतं. पण केंद्रात आम्ही दिवस मोजतो. एकशे पाच दिवस, एकशे चाळीस दिवस. तो शब्द माझ्या कानावर कित्येक वर्षांत आला नव्हता. आणि हे कागद टंकलेखिकेला वाचून दाखवले होते मीच. एकदा नव्हे, अकरा वेळा मी हळवीला हलकी वाचलं.

सहायकाच्या अक्षरावर ढकलून मोकळं होता आलं असतं. पण मी का चुकलो, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. केंद्रातल्या उत्पन्नाच्या तक्त्यात नऊ नंबर सगळ्यात शेवटी होता. आसपास सगळं हिरवं असताना तो एकटाच पसवला, लोंब्या धरून एकटाच पिकला, आणि परिसरातल्या सगळ्या पाखरांनी त्याच्यावर ताव मारला. उरलेल्यांना शेवटपर्यंत पाणी मिळालं, ते भरभरून पिकले. म्हणून शेतकऱ्यांनीही हलकी म्हटलं असेल, असं माझ्या मनाने ठरवून टाकलं. शेतकऱ्यांच्या शेतातलं भात मी मोजून घेतलंच नव्हतं. प्रत्येक शेत वेगळं, आकड्यांचा नुसता गोंधळ, म्हणून आकडे केंद्राचेच धरले. बी त्यांच्या दारात नेलं आणि निवड परत माझ्या टेबलावर आणली.

आणि त्यानंतर ती सभा. मी ठेवायच्या आठ बियाण्यांचे नंबर वाचले. मागून एक बाई उठली. तिचं शेत गावात सगळ्यात वर, म्हणून तिला सगळे ‘वरची’ म्हणतात. तिने विचारलं, ‘आणि आमची नऊ?’

मी म्हणालो, ‘बाई, तुम्हीच तर हलकी म्हणालात.’

लोक हसले. ती खाली बसली. पुढच्या हंगामात ती आली नाही, आणखी सातजण आले नाहीत. मी अहवालात लिहिलं, ‘शेतकऱ्यांचा प्रतिसाद टिकला नाही.’ त्या एका वाक्यावर प्रकल्प बंद झाला. दीड वर्ष मी मनातल्या मनात त्या लोकांना कृतघ्न म्हणत आलो होतो. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तसाच बियाण्यांच्या शीतखोलीत गेलो. भांडारपाल म्हणाला, ‘बाद माल आपण वर्षाच्या वर ठेवत नाही, साहेब. तुमचाच नियम.’ माझाच होता. आता त्या बियाचा एखादा दाणा जगात कुठे असेल, तर तो वरचीच्या घरी. दोन वर्षांत तिने तो दळून खाल्ला नसेल, तर.

दुसऱ्या दिवशी कागद पिशवीत घालून गेलो. बस खालीच थांबते; वर चढताना दोनदा बसावं लागलं. ती अंगणात सुपात भात पाखडत होती. मला पाहून उठली नाही.

‘या,’ म्हणाली. ‘वाट चुकलात?’

‘चुकलोच होतो,’ मी म्हणालो आणि कागद काढले. दम लागला होता, तरी सगळं सांगितलं. कुठला शब्द, कुणी वाचला, कसा वाचला. ती कागदाकडे बघत राहिली. सूप मांडीवरच.

‘मी म्हटलं, साहेबांच्या तिकडची हलकी असेल,’ ती शेवटी म्हणाली. ‘इथे कोण हलकी म्हणणार तिला? त्या वर्षी तुमचा माणूस मतं लिहून घेऊन गेला, आणि पाऊस वीस दिवस आधीच गेला. तुमचे ते आठ उभ्या उभ्या वाळले, नुसते फोल. ही तेवढी घरात आली.’

‘मग तेव्हा बोलला का नाहीत?’

‘बोलले की. तुम्ही हसवलंत सगळ्यांना.’

मी विचारलं, ‘बी आहे का थोडं? मूठभर तरी?’

तेव्हा ती हसली. पदराला हात पुसून मला घराच्या मागे घेऊन गेली. तिथून खालचा सगळा उतार दिसतो. वरची सगळी शेतं कापून झाली होती आणि खालची अजून हिरवी होती.

‘ते कापलेलं दिसतंय ना, ते सगळं तेच,’ ती म्हणाली. ‘मी लोंब्या वेचते दरसाल. पहिल्या वर्षी त्यात उंच होती, पडायची, ती काढून टाकली. गुरांना पेंढा पुरायला हवा, म्हणून फार बुटकी पण नाही ठेवली. मग हिला दिलं, तिला दिलं. आता पलीकडच्या दोन गावांत गेलंय.’

मी बघत उभा राहिलो. जे काम बंद पडलं म्हणून मी दीड वर्ष सुतक पाळलं, ते इथे माझ्याशिवाय व्यवस्थित चाललं होतं. आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण लग्नघरी पोचावं आणि पंगत उठलेली असावी, तसा मी.

‘याची नोंद करू या,’ मी घाईने म्हणालो. ‘अजून तीन महिने माझी सही चालते.’

‘परत तुमच्या पाण्यात पेरणार? पुन्हा शेवटीच येईल ती.’

‘नाही. इथेच, तुमच्या शेतांत. मोजायचं पण इथलंच. आणि काय ठेवायचं ते तुम्ही सांगायचं, शेवटपर्यंत.’

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, ‘काढा कागद.’

पिशवीत कायम असणारा नोंदणीचा अर्ज काढला. ‘निवड कोणी केली’ या रकान्यात मी जन्मभर केंद्राचं नाव लिहीत आलो. या वेळी तिचं लिहिलं. पुढचा रकाना होता स्थानिक नावाचा.

‘काय म्हणतात इथे हिला?’

‘टाकलेली.’

मी पेन कागदावरून उचललं.

‘तुम्ही टाकली ना सभेत, म्हणून,’ ती म्हणाली. ‘बायका म्हणायला लागल्या, टाकलेली पेरली का, टाकलेली पिकली का. मलाही तेच म्हणायचे एके काळी. नवरा सोडून गेला तेव्हा. तेव्हा मी रडायचे. आता शेताला म्हणतात, तर हसू येतं.’

‘दुसरं एखादं चांगलं नाव देऊ या.’

‘का? कोणी टाकली ते कळू दे की लोकांना.’

मी लिहिलं. पक्वतेच्या रकान्यात एकशे पाच दिवस असं लिहायची पद्धत आहे. मी ‘हळवी’ लिहिलं. तिने कागद हातात घेतला, ळवर बोट ठेवून नीट पाहिला आणि परत दिला. मग ओंजळभर बी माझ्या रुमालात बांधून दिलं आणि म्हणाली, ‘उतार आहे, जपून जा.’

रविवारी संध्याकाळी फोनची वाट न बघता मीच लावला.

‘अगंबाई! बरे आहात ना?’ बायको घाबरलीच.

‘बरा आहे.’

‘जेवलात का?’

‘नाही.’

मागे नातवाचा आवाज येत होता. समोर टेबलावर रुमालाची गाठ होती. मी विचारलं, ‘तू तिकडे राहिलीस ते... मी तुला टाकलं, की तू मला?’

तिकडे दार लावल्याचा आवाज आला, नातवाचा आवाज बंद झाला.

‘चार वर्षांनी विचारताय,’ ती म्हणाली. ‘आता मी बोलते. मध्ये हो म्हणू नका.’

मी हो म्हणालो नाही.