दीपमालाच्या नावावरची उचल

अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत नगमा पगारपत्रक सांभाळायची. तिथंच कामाला असलेली तिची मैत्रीण दीपमाला हिला भातकुलीला सरकारी नोकरी लागली आणि तिने राजीनामा दिला. तिचा शेवटचा हिशोब नगमालाच करावा लागला.

पगार सहा हजार. पंधरा दिवसांचे तीन हजार, शिल्लक वीस रजांचे चार हजार. महिन्याची नोटीस द्यायची, तिने पंधराच दिवसांची दिली होती, म्हणून तीन हजार वजा. पगारावर घेतलेल्या उचलीचे राहिलेले साडेतीन हजारही वजा. हातात उरले पाचशे.

ती उचल नगमाचीच होती. तिची स्वतःची एक चालू असताना दुसरी मिळेना, म्हणून दीपमालाने आपल्या नावावर काढून दिली होती. नगमा तिला दर महिन्याला हप्त्याचे पाचशे द्यायची.

मॅनेजर सगळ्यांदेखत म्हणाले, "झेपत नाही तर उचल कशाला घेता, बाई?"

दीपमालाने खाली बघून सही केली. नगमाने कागदावर शिक्का मारला.

फाटकापाशी नगमाने तिला गाठलं. "तू बोलली काहून नाही?"

"मी तं चालली. तुले इथंच राहायचं हाये."

नगमाने त्या महिन्याच्या हप्त्याची नोट पुढे केली. दीपमालाने ती घेतली आणि म्हणाली, "बाकीचे देजो सवडीनं."

तिने दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं नगमाला वाटलं. दीपमालाच्या निरोपाच्या चहाला ती गेलीच नाही.